दोन कल्पना, आठवड्याचे साडेसहा तास : एकदम तपासायच्या की एकीमागून एक?

घरगुती उद्योग करणाऱ्या बायकांचे हिशेब लिहून देण्याचं काम मी करते. त्यामुळे नोकरी सांभाळून काहीतरी सुरू करू पाहणाऱ्या बऱ्याच जणी माझ्याकडे येतात. त्यांच्या डोक्यात सुरुवातीला आठ-दहा कल्पना असतात, त्या गाळत गाळत दोनावर येतात, आणि तिथे गाडी अडते. दोन्ही आवडलेल्या, दोन्ही जमण्यासारख्या, आणि हातात मात्र रविवार आणि दोन-तीन संध्याकाळी. मग प्रश्न येतो : दोन्ही एकाच वेळी करून बघायच्या, की आधी एक, मग दुसरी?

याचं उत्तर उत्साहावर सोडलं तर ते नेहमी ‘दोन्ही एकदम’ असंच येतं. ते कधी बरोबर असतं आणि कधी साफ चुकतं, हे आधी वही-पेन घेऊन अर्ध्या तासात काढता येतं. माझ्या मावसबहिणीच्या बाबतीत आम्ही ते दोनदा केलं, एकदा चुकीचं आणि एकदा नीट. म्हणून तिचंच उदाहरण घेते.

ती नागपुरात मनीषनगरला राहते आणि रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात बिलिंगला आहे. सकाळी जयप्रकाशनगरहून मेट्रो, काँग्रेसनगरला उतरायचं, संध्याकाळी साडेसातपर्यंत घरी. सुट्टी फक्त रविवारी. तिच्या दोन कल्पना अशा होत्या : एक, नोकरी करणाऱ्या जोडप्यांना निवडलेली आणि चिरलेली भाजी दर रविवारी घरपोच देणं. दुसरी, उन्हाळ्यातल्या कुरडया आणि सरगुंडे आगाऊ नोंदणी घेऊन करून देणं. सासूबाईंच्या हाताला कुरडयांची चव आहे, आणि वयामुळे त्यांना सगळं एकटीनं झेपत नसलं तरी सांगायला आणि बसून सोऱ्या फिरवायला त्या तयार होत्या.

जानेवारीत तिनं सोसायटीच्या ग्रुपवर एकाच निरोपात दोन्ही गोष्टी टाकल्या. महिनाअखेरीला तिचा फोन आला.

“ताई, मी दोन्ही करून राहिली, पन काहीच समजून नाही राहिलं.”

“भाजीच्या ऑर्डरी किती आल्या?”

“पहिल्या रविवारी चार. दुसऱ्या रविवारी मी नमुन्याच्या कुरडया तळत बसली तं भाजी केलीच नाही. मंग तिसऱ्या रविवारी एकच आली.”

“आणि कुरडया?”

“नऊ जणी हो म्हणाल्या. पन पैसे कोनी दिले नाही. मी मागितलेबी नाही.”

तिचा सगळा महिना या चार ओळींत आहे. भाजीच्या ऑर्डरी चारावरून एकावर आल्या, पण त्या लोकांना नको होत्या म्हणून आल्या, की मधला रविवार चुकल्यामुळे लोकांनी तिला धरूनच ठेवलं नाही म्हणून? सांगता येत नाही. कुरडयांना नऊ ‘हो’ मिळाले, पण त्यातले खरे किती? तेही सांगता येत नाही. महिनाभर राबून दोन्ही प्रश्नांची उत्तरं जिथल्या तिथेच राहिली. दोन चाचण्या एकत्र घेण्याचा खरा धोका हाच आहे. एखादी कल्पना नापास झाली तर निदान ती कटते. अर्धवट चाचणीतून ना पास निघतं ना नापास, आणि ती कल्पना वर्षभर डोक्यात घोळत राहते.

फेब्रुवारीच्या पहिल्या रविवारी आम्ही दोघी तिच्या स्वयंपाकघरात वही घेऊन बसलो. तेव्हा ज्या क्रमानं गेलो, तोच क्रम खाली देते.

पहिलं काम : तास मोजा, अंदाज करू नका

तिला विचारलं तर ती म्हणाली, आठवड्याला दहा तास सहज निघतील. मी तिला वहीत जानेवारीचे दोन आठवडे आठवून लिहायला लावले. पाहुणे आले ती संध्याकाळ, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला गेलेला वेळ, मुलाची तब्येत बिघडली ती रात्र. मग पुढचे दोन आठवडे तिनं रोज झोपण्याआधी खरे मोकळे तास लिहिले. एका आठवड्यात सव्वासात निघाले, दुसऱ्यात साडेसहा.

अशा वेळी सरासरी काढू नये. दोनातला कमी आकडा घ्यावा, कारण चाचणी मोडते ती वाईट आठवड्यात. आणि त्या कमी आकड्यातलाही साधारण पाचवा भाग मोकळा ठेवावा. साडेसहातून सव्वा-दीड तास काढला की हातात पाच तास उरतात. दोन्ही चाचण्यांचा आठवड्याचा खर्च या पाच तासांत बसला, तरच ‘एकदम’ हा शब्द तोंडातून काढायचा.

दुसरं काम : हाताचे तास आणि वाट पाहण्याचे दिवस वेगळे करा

सगळ्या लेखातला हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा आहे. नवीन माणूस नेहमी विचारतो, “या चाचणीला किती वेळ लागेल?” आणि उत्तर देतो, “महिना.” पण त्या महिन्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. काही वेळ तुम्ही स्वतः हात हलवता, तो हाताचा वेळ. बाकीचा वेळ समोरच्याच्या उत्तराची, पगाराची, ‘घरी विचारून सांगते’ची वाट पाहण्यात जातो. हाताचा वेळ दोन ठिकाणी एकदम देता येत नाही. वाट मात्र दोन गोष्टींची एकाच वेळी पाहता येते.

आधी प्रत्येक चाचणीचा एकच प्रश्न लिहून काढा. भाजीचा प्रश्न होता : पहिल्यांदा घेणारं घर चौथ्या रविवारीही पैसे देऊन घेतं का? पहिल्या ऑर्डरीला काही अर्थ नाही, कारण ओळखीतली माणसं एकदा कौतुकानं घेतातच. म्हणजे सलग चार रविवार करायलाच हवेत. सहा घरांची भाजी करायची तर कॉटन मार्केटच्या भाजीबाजारात जाऊन येणं एक तास. निवडणं, धुणं, निथळवणं आणि चिरणं धरून घरामागे वीस मिनिटं, म्हणजे दोन तास. पिशव्या भरून पोचवणं एक तास. दर रविवारी चार तास, आणि त्यातलं एक मिनिटही वाट पाहण्याचं नाही.

ही घरामागची वीस मिनिटं तिनं अंदाजानं लिहिली नव्हती. मोबाईल लावून मेथी निवडताना मोजली होती. मेथीच्या एका जुडीला सात मिनिटं, गवारीच्या पावशेराला सहा, पत्ताकोबीला चारच्या आत. सांबार, म्हणजे कोथिंबीर, निवडायला वेळ लागतो तो लागतोच, पण धुतल्यावर पाणी नीट निथळलं नाही तर दुसऱ्या दिवशी पिशवीत काळा पडतो, म्हणून फडक्यावर पसरून ठेवायचा वेळही तिनं धरला. असं एकदा मोजलं की ‘तासाभरात उरकेल’ हे वाक्य परत निघत नाही.

कुरडयांचा प्रश्न वेगळा होता : पदार्थ हातात नसताना, नुसती चव घेऊन किती घरं शंभर रुपये आगाऊ देतात? इथे कुरडया करायच्याच नव्हत्या. सासूबाईंच्या डब्यात मागच्या वर्षीच्या होत्या, त्या तळून चवीला द्यायच्या, भाव सांगायचा आणि थांबायचं. लोक घरी विचारतात, एक तारखेच्या पगाराची वाट पाहतात, माहेरी फोन करून तिथून येणार आहेत का ते बघतात. त्यामुळे चार आठवडे द्यावेच लागतात, पण त्यात तिच्या हाताचं काम आठवड्याला जेमतेम एक तास.

आता बेरीज करा. भाजीला चार आणि कुरडयांना एक, म्हणजे पाच तास. उरलेल्या पाचात बरोबर बसलं.

गणित दुसऱ्या बाजूनंही करून बघा

बसलं म्हणून लगेच सुरू करू नका. एकीमागून एक केलं असतं तर काय झालं असतं? भाजी चार आठवडे, मग कुरडया चार आठवडे, एकूण आठ. एकदम केलं तर चारच आठवड्यांत दोन्ही उत्तरं. इथे एकत्र चाचणीचा खरा फायदा आहे, कारण कुरडयांच्या चार आठवड्यांतला बहुतेक काळ नुसता वाट पाहण्याचा होता.

पण समजा तिची दुसरी कल्पना कुरडयांऐवजी दर रविवारी वडाभाताचे डबे देण्याची असती. त्यालाही सलग चार खेपा हव्यात आणि दर खेपेला चार तास हाताचे. मग आठवड्याला आठ तास झाले, ते पाचात बसत नाहीत. अशा वेळी नवीन माणूस तोडगा काढतो : एक रविवार भाजी, एक रविवार वडाभात. हा तोडगा वाईट का, ते आठवडे लिहून बघा. भाजी पहिल्या, तिसऱ्या, पाचव्या आणि सातव्या रविवारी. वडाभात दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या आणि आठव्या. भाजीचं उत्तर सातव्या आठवड्यात मिळेल, वडाभाताचं आठव्यात. तेच एकीमागून एक केलं असतं तर भाजीचं उत्तर चौथ्याच आठवड्यात मिळालं असतं आणि वडाभाताचं तरीही आठव्यात. म्हणजे आलटूनपालटून केल्यानं एकही आठवडा वाचला नाही, उलट पहिलं उत्तर तीन आठवडे लांबलं.

दुसरं नुकसान याहून मोठं आहे. एक रविवार सोडून मिळणारी भाजी ही वेगळीच वस्तू आहे. चिरलेली भाजी लोक घेतात ती दर आठवड्याची एक कटकट मिटावी म्हणून. पंधरवड्यातून एकदा मिळाली तर मधल्या रविवारी त्यांना बाजारात जावंच लागतं, आणि गेलेच तर पुढच्या वेळी तुमच्याकडून कशाला घेतील? वेळ पुरवण्यासाठी चाचणी कापली की तुम्ही तपासत असलेली कल्पनाच बदलते. जानेवारीत तिचं हेच झालं होतं.

तेव्हा नियम असा : दोन्हीही हाताच्या कामाच्या असतील तर एकीमागून एक. दोन्ही वाट पाहण्याच्या असतील तर एकदम. एक हाताची आणि एक वाटेची असेल तर एकदम, पण फक्त बेरीज बसत असेल तरच.

एकीमागून एक करायचं ठरलं तर आधी कोणती?

बहुतेक जणी जास्त आवडती आधी घेतात. मी सांगते, कमी वेळाची आधी घ्या. समजा, एक चाचणी दोन आठवड्यांची आहे आणि दुसरी सहा आठवड्यांची. छोटी आधी केली तर उत्तरं दुसऱ्या आणि आठव्या आठवड्यात मिळतात. मोठी आधी केली तर सहाव्या आणि आठव्या. शेवट तोच राहतो, पण पहिलं उत्तर चार आठवडे आधी हातात येतं, आणि कधी कधी त्या उत्तरामुळे दुसरीची गरजच उरत नाही.

याला एक अपवाद आहे, तो हंगामाचा. नागपुरात तो फार जाणवतो. कुरडयांचा चीक काढायला गहू तीन दिवस भिजवायचे, रोज पाणी बदलायचं, मग वाटून, गाळून, शिजवून सोऱ्यातून पाडायच्या, आणि सगळं झाल्यावर त्यांना कडक ऊन हवं. इथे मार्चच्या मध्यापासून गच्च्यांवर वाळवणं दिसायला लागतात. ज्या घरांना विकत घ्यायच्या असतात ती तोपर्यंत कुणाला तरी सांगून मोकळी झालेली असतात. नोंदणीची चाचणी फेब्रुवारीच्या मध्यापासून घेतली तरच तिला अर्थ. ती एप्रिलमध्ये घेतली आणि कुणी पैसे दिले नाहीत, तर लोकांना कुरडया नकोत असं नाही, त्यांनी त्या आधीच घेतल्यात, एवढंच. आणि पुन्हा विचारायला पुढचा फेब्रुवारी उजाडावा लागतो. भाजीला असं दार बंद होत नाही. मेमध्ये पालेभाजी महागते, उन्हात पिशवी लवकर उतरते, पण माणसं रोज जेवतातच. दोघींत एकीचंच दार बंद होणार असेल तर ती आधी, मग ती आवडती असो नसो, मोठी असो की छोटी.

तिसरं काम : माणसं वेगळी ठेवा

जानेवारीच्या निरोपात आणखी एक गोष्ट चुकली होती आणि ती मला उशिरा लक्षात आली. दोन्ही गोष्टी एकाच ग्रुपला विचारल्या होत्या. माणसाचा स्वभाव असा की ओळखीच्या बाईनं दोन गोष्टी पुढे केल्या तर तिला नाराज न करता एक निवडायची. कुरडया घेईन असं म्हटलं की भाजीला नाही म्हणायला मोकळे. मग कुरडयांचे ‘हो’ फुगतात आणि भाजीचे कमी दिसतात. दोन्ही आकडे एकमेकांना धरून हलतात, म्हणून दोन्हींवर विश्वास ठेवता येत नाही.

दुसऱ्या वेळी आम्ही माणसं वाटली. भाजी फक्त तिच्या इमारतीत, कारण पोचवायला जिना उतरला की झालं. कुरडया दवाखान्यातल्या सोबतिणी आणि माहेरच्या, नंदनवन भागातल्या ओळखीच्या घरांमध्ये. एकीला दुसरीबद्दल अवाक्षर बोलायचं नाही, असं मी तिला बजावलं. हे सोपं नसतं. डब्याच्या सुट्टीत कुणी विचारतंच, “आणखी काय करतेस गं?” पण चार आठवडे पाळावं.

तुमच्या दोन्ही कल्पनांचे गिऱ्हाईक तेच आणि तेवढेच असतील, वेगळे करताच येत नसतील, तर वेळ कितीही बसत असला तरी एकदम करू नका. एकीमागून एक करा आणि मध्ये दोन-तीन आठवडे जाऊ द्या.

किती जणांना विचारायचं?

वेळ वाटला की माणसंही वाटली जातात, आणि हा फटका लवकर दिसत नाही. तीस जणांना विचारून एकानंही पैसे दिले नाहीत, तर खरोखर घेणारे शंभरात दहापेक्षा जास्त असण्याची शक्यता फारच थोडी. पंधराच जणांना विचारून शून्य आलं, तर ते शंभरात वीसपर्यंतही असू शकतात. ढोबळ हिशेब सोपा आहे : शून्य आलं असेल तेव्हा तीनला विचारलेल्या माणसांच्या संख्येनं भागायचं. तीन भागिले तीस म्हणजे शंभरात दहा, तीन भागिले पंधरा म्हणजे शंभरात वीस. अनोळखी, एकमेकांशी संबंध नसलेल्या माणसांना हे जास्त लागू पडतं. ओळखीतल्यांचं ‘हो’ मुळातच जास्त असतं, त्यामुळे तिथे मिळालेलं शून्य आणखी बोलकं.

मुद्दा एवढाच की तीस घरं दोन कल्पनांत पंधरा-पंधरा वाटू नका. कुरडयांना आम्ही पूर्ण तीस घरं ठेवली. भाजीला सहाच घरं चालली, कारण तिथे प्रश्न परत परत घेण्याचा होता आणि प्रत्येक घर चार वेळा उत्तर देत होतं.

चौथं काम : रेघ आधी मारा, तारखेसकट

चाचणी सुरू होण्याच्या आदल्या रात्री वहीत लिहायचं : अमुक तारखेला थांबणार, अमुक आकडा आला तर पुढे, खाली आला तर बंद. दोन चाचण्या एकत्र चालू असताना हे न करणं फार महागात पडतं. जी मागे पडते तिला आपण “तिला वेळच कमी मिळाला” म्हणून माफ करतो आणि मुदत वाढवतो, मग जी चांगली चालली आहे तिचे तास तिकडे जायला लागतात.

रेघ कुठे मारायची, हे मनानं ठरवायचं नाही, हिशेबानं ठरवायचं. भाजीच्या एका पिशवीचे दीडशे रुपये. भाजीचा खर्च ऐंशी, पिशवी आणि पेट्रोल दहा, हातात साठ. चार घरं असली तर दोनशे चाळीस रुपये. वेळ बाजाराचा एक तास, चिरण्याचे ऐंशी मिनिटं, पोचवण्याचे चाळीस, म्हणजे तीन तास. तासाला ऐंशी रुपये. याहून कमीत रविवार घालवायचा नाही, असं तिनंच ठरवलं. म्हणून रेघ अशी : सहापैकी किमान चार घरांनी चौथ्या रविवारी पैसे देऊन भाजी घेतली पाहिजे.

कुरडयांची रेघ सहा घरांवर होती. सहा घरांनी सरासरी दोन किलो घेतल्या तर बारा किलो होतात, आणि त्याहून कमीसाठी गहू भिजवण्यापासून दोन रविवार आणि गच्चीवरची राखण परवडत नाही. नाव मोजायचं ते फक्त शंभर रुपये आगाऊ आलेलं. “नक्की घेईन”, “माझं नाव लिही”, “आईला विचारते” हे सगळं वेगळ्या रकान्यात लिहायचं. तीन किंवा कमी आले तर बंद, सहा किंवा वर आले तर पुढे. चार-पाच आले तर आणखी पंधरा घरांना एकदाच विचारायचं आणि तिथे थांबायचं. हा मधला पट्टा आधीच लिहून ठेवावा, म्हणजे ऐनवेळी वाद नको.

आणखी एक : घरून खाद्यपदार्थ विकायचे तर एफएसएसएआयची नोंदणी लागते. चिरलेली भाजी असो की कुरडया, पैसे घ्यायला लागण्याआधी ते काम उरकून घ्या आणि त्याचा वेळ पहिल्या आठवड्याच्या तासांत धरू नका.

चालू असताना काय बघायचं

दर रविवारी रात्री तीनच गोष्टी लिहायच्या : किती तास गेले, किती जणांना विचारलं किंवा पोचवलं, किती पैसे आले. दोन चाचण्यांच्या दोन वेगळ्या पानांवर. दोन चाचण्या एकत्र पेलत नाहीयेत हे ओळखायच्या खुणा मला ठाऊक आहेत त्या अशा. एका पानावर एखादा आठवडा कोरा राहिला. भाजीचा वेळ घरामागे वीस मिनिटांवरून तीसवर गेला, म्हणजे मध्येच उठून दुसरं काम होतंय. किंवा निरोपांना उत्तर द्यायला दोन दिवस लागायला लागले. यातली एकही खूण दिसली की त्याच आठवड्यात एक चाचणी थांबवायची, आणि जिचं दार बंद होणार नाही ती थांबवायची. थांबवलेल्या चाचणीचे आकडे पुढे धरायचे नाहीत. ती परत सुरू कराल तेव्हा पहिल्यापासून.

दुसऱ्या आठवड्यात तिच्याकडे ही वेळ जवळपास आली होती. दवाखान्यात महिन्याचा ताळेबंद होता, दोन संध्याकाळी नऊ वाजले. पण मोकळा ठेवलेला दीड तास तिथे कामी आला आणि रविवारचे चार तास सुटले नाहीत. पाचवा भाग मोकळा ठेवला नसता तर भाजीचा तो रविवार गेला असता.

चार आठवड्यांनी दोन पानं समोर ठेवली. भाजी : पहिल्या रविवारी सहा घरं, दुसऱ्या रविवारी सहा, तिसऱ्या रविवारी पाच, चौथ्या रविवारी पाच. पाच घरांचे तीनशे रुपये, वेळ साडेतीन तास, तासाला साधारण शहाऐंशी. रेघेच्या वर.

कुरडया : तीस घरांना चव दिली. ‘हो’ म्हणणाऱ्यांच्या रकान्यात एकोणीस नावं. आगाऊ पैसे दिलेली तीन.

ती त्या एकोणिसाच्या आकड्याकडे बघत राहिली. “काहून असं, ताई? सगळ्यांना चव आवडली होती. अजून पंधरा दिवस थांबली तं देतील ना?”

सासूबाई शेंगा निवडत बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, “बाई, ज्याला पायजे त्यानं मागच्या आठवड्यातच दिले असते. लोक म्हनतात हो, मंग माहेराहून डबा येते.”

वहीत तीन किंवा कमी म्हणजे बंद असं लिहिलेलं होतं, तिच्याच अक्षरात. तिनं त्याच संध्याकाळी तिघींना यूपीआयनं शंभर-शंभर रुपये परत केले आणि सोबत निरोप पाठवला की यंदा जमत नाही. दवाखान्यातल्या एकीचं लगेच उत्तर आलं : “अगं ठेव ना, पुढच्या वर्षी फेब्रुवारीत सांग, मी दोन किलो घेईन.” तिनं ते नाव वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवलं आणि पैसे तरीही परत पाठवले. पुढच्या रविवारी सहाव्या घराची जागा रिकामी होती, ती शेजारच्या विंगमधल्या एका घरानं विचारून घेतली.